सुके खोबरे : वाटी आतून वाळली हे कसे ओळखावे
(केंद्रातील शिक्षकांच्या मासिक सभेत केलेले भाषण)



कोकणातल्या आपल्या बहुतेक शाळांच्या आवारात दोनचार माड असतात. उन्हाळ्यात त्यांचे नारळ उतरवून मुलांकडून सुके खोबरे करून घ्यावे, असा उपक्रम अनेक शाळांत होतो. नारळ फोडावा आणि उन्हात ठेवावा, इतके तर सर्वांनाच ठाऊक आहे. अडचण येते ती शेवटी, ‘आता वाळले’ असे कोणी आणि कशावरून म्हणावे येथे. आज मी मुख्यतः त्याविषयी बोलणार आहे.

नवा शिक्षक असताना ही चूक मी स्वतः केली होती. वैशाखात आठ दिवस वाट्या वाळवल्या. त्या वरून पांढऱ्याशुभ्र व खडखडीत दिसत होत्या. मी त्या गोणीत भरून शाळेच्या माळ्यावर ठेवल्या. श्रावणात गोणी सोडली, तेव्हा निम्म्याहून अधिक वाट्यांवर पिवळट-हिरवी बुरशी चढली होती. माझे डोळे मला खोटे सांगत नव्हते. वाट्या वरून वाळल्याच होत्या, पण मी पाहिले होते ते केवळ वरवरचे.

प्रथम कृती थोडक्यात पाहू. नारळ पूर्ण पिकलेला, म्हणजे अकराबारा महिन्यांचा असावा. त्याचे सोडण तपकिरी होऊ लागलेले असते आणि हलवला असता आत पाणी वाजते. कोवळ्या नारळाचे खोबरे वाळल्यावर रबरासारखे चिवट होते व सुरकुतते. तो दोष पुढे कितीही ऊन दिले तरी जात नाही. सोललेला नारळ मधोमध आडवा फोडून दोन कवडी कराव्यात. फोडण्याचे काम स्वच्छ उन्हाच्या दिवशी सकाळीच करावे. ओल्या खोबऱ्यात सुमारे निम्मे पाणीच असते. पहिल्या दिवशी ऊन मिळाले नाही तर त्यावर चिकट बुळबुळीत थर येतो व आंबूस वास सुटतो. पुढे ते वाळले तरी पांढरे राहत नाही.

कवडी करवंटीसह, खोबरे वर करून, चटईवर किंवा माचावर मांडाव्यात. दिवे लागण्यापूर्वी आत घ्याव्यात, कारण रात्रीच्या दवाने दिवसभराची कमाई जाते. दोनतीन दिवसांनी खोबरे आक्रसून करवंटीपासून सुटू लागते. मग बोथट पात्याने त्याची अखंड वाटी काढून घ्यावी आणि पुढे चारपाच दिवस दोन्ही बाजूंनी ऊन द्यावे. आभाळ आले तर करवंट्यांच्या निखाऱ्यावर उंच मांडणी करून सौम्य धग द्यावी. मोठ्या जाळावर वरचा थर कडक होऊन बसतो व आतले पाणी आतच कोंडते.

याच कोंडलेल्या पाण्यात आपल्या प्रश्नाचे मर्म आहे. वाटीच्या पृष्ठभागावरचे पाणी उन्हाने लवकर उडते. गाभ्यातले पाणी मात्र सावकाश बाहेर सरकते. म्हणून सायंकाळी कोरडी वाटलेली वाटी रात्रभर झाकून ठेवली की सकाळी पुन्हा मऊ लागते. यास्तव परीक्षा सायंकाळी घेऊ नये. वाट्या रात्री झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात आणि सकाळी पाहाव्यात. झाकणाला आतून दमटपणा आला असेल किंवा वाटी नरम लागत असेल, तर ऊन अजून द्यावयाचे आहे.

दुसरी परीक्षा वाटी मोडून पाहण्याची. ढिगातली सर्वांत जाड वाटी निवडावी, कारण पातळ वाटी सर्वांआधी वाळते व फसवते. वाळलेली वाटी कट्‌कन मोडते. ओली वाटी वाकते. पण भर दुपारी तापलेली वाटी मोडू नका. खोबऱ्याचे तेल साधारण 24–25 अंशांच्या पुढे पातळ होते. त्यामुळे तापलेली वाटी वाळली असली तरी नरम व ओलसर भासते. ती सावलीत निवू द्यावी, मग मोडावी. मोडीच्या कडेपासून गाभ्यापर्यंत रंग एकसारखा असावा. मोड कागदावर दाबली असता डाग उठला, तर तो पाण्याचा की तेलाचा हे मुलांनाच शोधू द्या. पाण्याचा डाग थोड्या वेळाने वाळून जातो. तेलाचा डाग राहतो व उजेडात धरला असता पारदर्शक दिसतो.

तिसरी परीक्षा तराजूची, आणि सर्वांत विश्वासाची तीच. एका शाळेत पाच वाट्यांच्या पाठीवर पेन्सिलीने आकडे घालून त्या रोज सायंकाळी एकत्र तोलल्या. करवंटीतून काढल्या त्या दिवशी वजन 500 ग्रॅम भरले. पुढच्या चार सायंकाळी ते अनुक्रमे 430, 390, 372 व 366 ग्रॅम झाले आणि पाचव्या सायंकाळी 365. म्हणजे रोजची घट 70, 40, 18, 6 आणि शेवटी 1 ग्रॅम. घट अशी थांबत आली की जाण्यासारखे पाणी बहुतेक गेले असे समजावे. मुलांनी याचा आलेखही काढला, आणि उतरती रेषा आडवी का होते हे वेगळे शिकवावे लागले नाही.

येथे एक सावधगिरी हवी. ढगाळ, दमट दिवशीही वजन घटत नाही; पण ते खोबरे वाळले म्हणून नव्हे, तर हवेने पाणी घेतले नाही म्हणून. यासाठी लागोपाठ दोन कडक उन्हाच्या दिवसांचे वजन जवळजवळ सारखे आले, तरच ती खूण मानावी, आणि त्यानंतर जाड वाटी मोडून खात्री करावी.

चांगल्या वाळलेल्या खोबऱ्यात पाणी शेकडा सहाच्या आसपास उरते. सातवीच्या वर्गाला याचे गणित घालता येईल. एक किलो ओल्या खोबऱ्यात निम्मे पाणी धरले, तर घन भाग 500 ग्रॅम. वाळल्यावर हा भाग शेकडा 94 ठरतो, म्हणून सुके खोबरे सुमारे 532 ग्रॅम भरेल. 600 ग्रॅमवर कोणी ‘वाळले’ म्हणाला, तर त्यात अजून शंभर ग्रॅम पाणी आहे. नारळानारळांत पाण्याचे प्रमाण थोडे बदलते, म्हणून हे गणित अंदाजाकरिता. निर्णय तराजूचा व मोडीचा.

शेवटी माझ्या त्या गोणीकडे परत येतो. त्या वेळी मी बुरशी पुसून, ऊन देऊन चांगल्या दिसणाऱ्या वाट्या वाटून टाकल्या आणि उरलेल्या गुरांपुढे घातल्या. आज मी तसे कदापि करणार नाही. पिवळट-हिरव्या बुरशींपैकी काही अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. ते यकृताला बाधते, पुसल्याने वा शिजवल्याने जात नाही, आणि जनावराच्या खाण्यात आले तर दुधातही उतरते. म्हणून बुरशी चढलेली वाटी ना स्वयंपाकाला, ना घाण्याला, ना गुरांना. ती पुरून टाकावी.

वाळलेले खोबरे निवल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे आणि डब्यावर तारीख व शेवटच्या दोन दिवसांची वजने लिहून चिठ्ठी लावावी. श्रावणात डबा उघडताना मुलांनी ती चिठ्ठी वाचावी आणि मग आत पाहावे. आपला निर्णय बरोबर होता की चूक, हे त्यांना तेथेच कळेल.