तापातून उठल्यावर व्यायाम केव्हा करावा?
(शिक्षकांच्या केंद्र-संमेलनात दिलेले व्याख्यान)



फ्ल्यूसारखा विषाणुजन्य ताप उतरला की आपण बरे झालो, अशी आपली समजूत असते. वस्तुतः ताप उतरणे आणि शरीर श्रमास योग्य होणे या दोन भिन्न गोष्टी होत. पहिली थर्मामीटर सांगतो. दुसरी जाणून घेण्यास मनगटावरील नाडी आणि श्रमाची आपली स्वतःची जाणीव अशी दोन साधने आहेत. ती दोन्ही विनामूल्य आहेत.

प्रथम नाडी. पहाटे जाग आल्यावर अंथरुणातच, चहा घेण्यापूर्वी, अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजावेत. अंगठ्याने मोजू नये. त्याच्या स्वतःच्या ठोक्यांमुळे मोजणी चुकते. ज्वर एक अंश सेल्सिअसने वाढला की नाडी साधारणतः दहा ठोक्यांनी वाढते. परंतु ज्वर गेल्यावरही ती काही दिवस चढलेलीच राहते, आणि आपल्याला पाहावयाचे आहे ते हेच. तुलना मात्र स्वतःच्याच निरोगी अवस्थेशी करावी, शेजाऱ्याच्या नाडीशी नव्हे. पूर्वीचा आकडा टिपलेला नसेल, तर रोज मोजीत जावे. उतरता आकडा तीन-चार दिवस एकाच ठिकाणी स्थिर राहिला, म्हणजे तो आपला मूळ आकडा समजावा.

दुसरे साधन श्रमाचे. स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी 6 ते 20 अशी एक श्रेणी बसविली. 6 म्हणजे मुळीच श्रम नाहीत, 11 म्हणजे हलके, 13 म्हणजे काहीसे कष्टाचे, 15 म्हणजे कष्टाचे आणि 20 म्हणजे शक्तीची परिसीमा. चालताना पूर्ण वाक्य न अडखळता बोलता येत असेल, तर श्रम साधारणतः 11 च्या आसपास आहेत असे धरावे.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, चाळीस वर्षांचे एक गुरुजी आहेत. निरोगी असता त्यांची पहाटेची नाडी 64. नित्याचा व्यायाम बारा सूर्यनमस्कार आणि तीन किलोमीटर चालणे. फ्ल्यूत नाडी 86 झाली. पाचव्या दिवशी, तापाचे औषध न घेताही, ताप आला नाही. परंतु नाडी 76 होती व अंग दुखत होते. त्यांनी घरातल्या घरात फिरण्यापलीकडे काही केले नाही. खोकला व अंगदुखी जाऊन सात दिवस लोटल्यावर नाडी 67 वर आली, म्हणजे मूळ आकड्यापासून पाच ठोक्यांच्या आत. तेव्हा ते सपाट रस्त्यावर पंधरा मिनिटे चालले. श्रम 10 वाटले आणि दुसऱ्या पहाटे नाडी 68 भरली. हा क्रम योग्यच होता. चौथ्या दिवशी मात्र उत्साहाच्या भरात त्यांनी बाराही सूर्यनमस्कार घातले. नेहमी 12 वाटणारे श्रम त्या दिवशी 15 वाटले. दुसऱ्या पहाटे नाडी 75, आणि पाय जड.

येथे लक्षात घ्यावयाचे ते असे की, श्रमाचा निवाडा श्रम करतानाच पुरता होत नाही; कित्येकदा तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी होतो. गुरुजींनी दोन दिवस विश्रांती घेऊन जी पायरी सोसली होती, तिच्यावरच, म्हणजे पंधरा मिनिटांच्या चालण्यावर, परत यावे. ती आठवडाभर सुखाने पार पडली की तीन-चार नमस्कारांची भर घालावी.

नाडीच्या साक्षीलाही मर्यादा आहेत. अपुरी झोप वा चिंता यांनी ती वाढते. रक्तदाबाच्या काही औषधांनी ती मंद राहते. डेंग्यूतून बरे होताना तर पुष्कळदा नाडी नेहमीपेक्षाही मंद होते. तेथे केवळ आकड्यावर विसंबून धावावयास निघणे अयोग्य होय. म्हणून दोन्ही साधने जोडीनेच वापरावीत.

छातीत दुखणे, धडधड होणे, थोड्याशा चालण्याने दम लागणे वा भोवळ येणे यांपैकी काहीही घडल्यास ही सारी मोजणी बाजूस ठेवून डॉक्टरांकडे जावे. फ्ल्यू, कोविड, कॉक्सॅकी इत्यादी विषाणूंमुळे क्वचित हृदयाच्या स्नायूस दाह होतो, आणि अशा हृदयावर श्रमाचा ताण पडल्यास ठोक्यांची लय बिघडून प्राणावर बेतू शकते. दाह निश्चित झाल्यास सामान्यतः तीन ते सहा महिने कष्टाचा व्यायाम वर्ज्य करतात.

कवायतीच्या तासाविषयी एवढेच सांगतो. मुलांची नाडी मुळातच आपल्यापेक्षा जलद असते. तीस मोठ्यांचा आकडा लावू नये. तापातून आलेल्या मुलास पहिले काही दिवस धावण्याच्या शर्यतीत न घालता रांगेच्या कडेने चालावयास सांगावे व त्याच्याशी बोलत राहावे. वाक्य मध्येच तुटू लागले, तर त्यास सावलीत बसवावे, आणि दुसऱ्या दिवशी ते मूल शाळेत आले की नाही, आले तर कसे दिसते, हे हजेरी घेताना पाहावे.