आषाढीचा उपवास आणि आईची चक्कर

आषाढी एकादशी जवळ आली, की इथे इंग्लंडमध्येही आपल्या घरांत साबुदाणा भिजतो, भगर आणि राजगिऱ्याच्या पिठाची खरेदी होते. उन्हाळ्यात भारतातून आलेले आईवडील बहुधा याच सुमारास मुलांकडे असतात. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना मधुमेह असतो आणि चाळीस-पन्नास वर्षांचा नेम मोडायची त्यांची तयारी नसते. आज एवढंच बोलू या, की उपवासाच्या दिवशी अशा माणसाला अशक्तपणा आला, गरगरलं, तर तो उपवास कुठे थांबवायचा.

एक घर डोळ्यांसमोर आणा. आई एकाहत्तर वर्षांच्या, साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी स्लावला मुलाकडे आलेल्या. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, शिवाय रक्तदाबाची एक गोळी. एकादशीला सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे सगळ्या गोळ्या घेतल्या, कारण गोळी म्हणजे काही खाणं नव्हे. मग बिनसाखरेचा चहा. अकरा वाजता साबुदाण्याची खिचडी केली, पण त्यांनी चार घास खाऊन ताटली सरकवली. दुपारी चारला त्या सोफ्यावरून उठल्या आणि भिंतीला धरून उभ्या राहिल्या. कपाळावर घाम, हात थरथरताहेत, सून काही विचारते आहे तर चिडून उत्तर देताहेत. सुनेला वाटलं, उपवासाने थकल्या, जरा पडू देत.

इथेच धोका असतो. पडून राहिल्यावर झोप लागली की काय, की शुद्ध हरपत चालली, हे बाहेरून कळत नाही. म्हणून अशा वेळी पहिलं काम आडवं करणं नव्हे, बोट टोचून साखर बघणं. त्याआधी हात धुऊन पुसायचे. केळं सोललेल्या किंवा आंबा चिरलेल्या बोटाची साखर खोटीच जास्त दिसते.

यंत्रावर आकडा आला ५८. मुलगा म्हणाला, अठ्ठावन्न, मग ठीकच की, इथे तर दहाच्या वर गेलं की काळजी करतात. घोटाळा असा, की आईंचं यंत्र भारतातलं आहे, ते मिलिग्रॅममध्ये मोजतं, आणि इथले डॉक्टर मिलिमोलमध्ये बोलतात. भारतातल्या आकड्याला १८ ने भागलं की इथला आकडा मिळतो. ५८ म्हणजे ३.२. इथे ४ च्या खाली, म्हणजे भारतातल्या यंत्रावर ७० च्या खाली, साखर कमी समजतात. हे दोन आकडे यंत्राच्या डबीवर चिठ्ठी लावून लिहून ठेवा. त्या वेळी गणित करायला डोकं जागेवर नसतं.

आता उपाय. चहाच्या चमच्याने चार सपाट चमचे साखर अर्ध्या कप पाण्यात ढवळून लगेच पाजायची, किंवा फळांचा रस छोटा पेलाभर, साधारण दीडशे ते दोनशे मिलिलिटर. खिचडी, दाण्याचा लाडू, बर्फी या वेळी कामाची नाही. त्यांत तूप आणि दाणे असतात, त्यामुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा मोजायचं. ४ च्या खालीच असेल तर तेवढीच साखर पुन्हा द्यायची. आईंचा दुसरा आकडा ९४ आला, म्हणजे इथल्या हिशेबाने ५.२. थरथर थांबली, त्या नीट बोलू लागल्या, आणि म्हणाल्या, "झालं की आता बरं वाटतंय, उद्या सकाळी पारणं करीन."

तर नाही. त्या दिवसापुरता उपवास तिथे संपला, आणि याचं कारण ग्लिमेपिराइड आहे. ही गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, पोटात अन्न आलंय की नाही याची वाट न बघता. तिचा परिणाम दिवसभर टिकतो, आणि वयामुळे मूत्रपिंडं मंदावली असतील तर आणखी लांबतो. साखरपाण्याने वर आलेली साखर तासा-दोन तासांत पुन्हा उतरू शकते. म्हणून लगेच काहीतरी पोटभरीचं हवं: भगर आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी आणि दूध, नाहीतर सरळ वरणभात. मग झोपण्यापूर्वी एकदा मोजायचं आणि रात्री एकदा उठून मोजायचं. इथे दिली जाणारी ग्लिक्लाझाइड याच जातीची गोळी आहे. इन्शुलिन घेणाऱ्यांनाही हाच धोका. नुसतं मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर सहसा इतकी खाली जात नाही.

रमजानच्या रोज्यांसाठी मधुमेहतज्ज्ञांनी उपवास सोडण्याच्या ज्या मर्यादा ठरवल्या आहेत, त्या आपल्यालाही उपयोगी आहेत. साखर ७० च्या खाली गेली, म्हणजे इथले ४, तर त्रास होत नसला तरी उपवास सोडायचा. ३०० च्या वर गेली, म्हणजे इथले १६.७, तरीही सोडायचा. साबुदाणा आणि बटाटा पोटभर खाल्ल्यावर हेही होतं. आणि घाम, थरथर, गोंधळ आहे पण यंत्र हाताशी नाही, तर कमीच आहे असं धरून साखर द्यायची. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर धडधड आणि थरथर जाणवतही नाही, घाम तेवढा येतो.

कधी आकडा चांगला असतो, पण उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, बसलं की बरं वाटतं. तो पाण्याचा प्रश्न. लघवी वाढवणारी गोळी आणि त्यावर निर्जळी, हे सत्तरीत जमण्यासारखं नाही. पाणी, ताक, लिंबूपाणी सुरू करायचं. तासाभरात फरक पडला नाही किंवा तोल जाऊन पडल्या, तर १११ ला फोन. एम्पाग्लिफ्लोझिन किंवा डापाग्लिफ्लोझिन घेणाऱ्याला उपवासात मळमळ, पोटदुखी, जोरजोरात श्वास सुरू झाला, तर आकडा बरा दिसला तरी इस्पितळातच न्यायचं.

आईंना पटवताना डॉक्टरांपेक्षा महाभारताचा उपयोग जास्त होतो, असा माझा अनुभव आहे. व्रत ज्यांनी मोडत नाही अशा आठ गोष्टी उद्योगपर्वात मोजल्या आहेत, आणि त्यांत पाणी, कंदमुळं, फळं, दूध आणि औषध आहे. म्हणजे फळांचा रस चालतो, आणि त्या चार वाजता साखरपाणी हे औषधच होतं.

खरं काम मात्र आठवडाभर आधीचं. एकादशीला सकाळची ग्लिमेपिराइड वगळायची की कमी करायची, हे साताऱ्याच्या डॉक्टरांना फोन करून विचारा. इन्शुलिन मनाने पूर्ण बंद करू नका, तेही विचारूनच. गोळ्यांची नावं आणि मात्रा इंग्रजीत एका कागदावर लिहून तो फ्रिजवर लावा. माणूस बेशुद्ध असेल किंवा नीट गिळत नसेल, तर तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि ९९९ फिरवायचा. फोनवर पहिल्याच वाक्यात सांगा, की मधुमेह आहे, आज उपवास आहे, आणि कागदावरची नावं वाचून दाखवा.