रुपया गावात किती हात फिरतो?



चुडाव्यात बसून अर्थशास्त्रावर बोलायचे, तर इथल्या मजुराच्या हातातल्या पैशापासून सुरुवात केलेली बरी. एकाचा खर्च हे दुसऱ्याचे उत्पन्न असते आणि तो दुसराही त्यातला काही भाग खर्च करतो. या साखळीचा हिशेब रिचर्ड कान यांनी 1931 मध्ये मांडला आणि केन्सने 1936 च्या ग्रंथात त्यावर आपला रोजगाराचा सिद्धांत उभा केला. आपण त्याला गुणक म्हणतो. त्यांच्यासमोर अख्खा देश होता. आपल्यासमोर पूर्णा आणि नांदेडच्या मधले, रेल्वे स्टेशन असलेले एक गाव आहे, आणि तेवढ्याने हिशेब बराच बदलतो.

बाहेरचा पैसा मजुरी म्हणून गावात आणण्याचा प्रयोग महाराष्ट्राने देशाच्या आधी करून पाहिला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आली, 1972 च्या दुष्काळात ती फोफावली, आणि 1977 चा कायदा 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. तिचा पैसा कुठून येत होता, हे महत्त्वाचे. शहरातल्या पगारदाराचा व्यवसायकर कापला जाई आणि त्यात सरकार आपली भर घाली. म्हणजे बांधबंदिस्तीवर मिळणारी मजुरी गावाबाहेरून येत होती. गावातूनच कर घेऊन गावातच वाटला असता, तर देणाऱ्याचा खर्चही आटला असता.

आता ही मजुरी गावात उतरल्यावर काय होते ते पाहू. समजा, एका घरात हजार रुपये आले. पाचशे किराण्यात गेले, दोनशे दूध-भाजीत, शंभर गिरणी, शिवणकाम आणि केस कापण्यात, दोनशे बचतगटाबाहेरच्या कर्जाच्या हप्त्यात. हे आकडे मी समजण्यासाठी धरलेत. वरवर पाहता आठशे रुपये गावातच खर्चले, असे वाटते. पण किराणा दुकानदाराच्या पाचशेपैकी साखर, तेल, साबण, चहा यांचे साडेचारशे नांदेडच्या ठोक व्यापाऱ्याकडे जातात. दुकानदाराच्या घरी राहतात पन्नास. हप्त्याचे दोनशे तर त्याच दिवशी गावाबाहेर. म्हणजे गावाचे नवे उत्पन्न पन्नास, दोनशे आणि शंभर, असे साडेतीनशे.

हे साडेतीनशे मिळालेल्यांनीही त्याच प्रमाणात खर्च केला, तर पुढच्या फेरीत साधारण एकशे बावीस उरतात, त्यापुढे त्रेचाळीस, आणि साखळी विरत जाते. हजाराचे शेवटी सुमारे पंधराशे चाळीस होतात. गल्ल्याची उलाढाल मोजून ‘बाजार फुलला’ म्हणणारे इथेच फसतात. गावाचे उत्पन्न मोजायचे तर विक्री सोडून देऊन गावात राहिलेला नफा आणि मजुरी पाहावी लागते.

मग गावचाच माल घ्या, असा सल्ला लगेच सुचतो. त्यात तथ्य आहे, पण अर्धे. शेतकऱ्याने मोंढ्यात विकलीच असती ती ज्वारी शेजाऱ्याला विकली, तर त्याचे उत्पन्न फारसे वाढत नाही. फक्त गिऱ्हाईक बदलते. तुरीचे मात्र वेगळे आहे. तूर गावातून कच्ची जाते आणि डाळ होऊन पाकिटात परत येते. मधल्या भरडण्याची मजुरी आणि नफा बाहेर राहतो. रिकाम्या हातांना नवे काम मिळते तिथेच गुणक वाढतो. हात आधीच गुंतलेले असतील किंवा माल वाढवता येत नसेल, तर जास्तीचा पैसा भाव चढवतो.

1972 चा दुष्काळ याची कडक परीक्षा होता. खेड्यात धान्यच नव्हते. मजुरीतून लोकांनी बाहेरून आलेला मिलो घेतला आणि पैसा बहुतांशी तसाच बाहेर गेला. त्या वर्षीच्या मजुरीचा गुणक मोठा होता, असे मी म्हणणार नाही. तिने माणसे तगवली, आणि पाझर तलावांनी पुढच्या वर्षांत ज्या विहिरींना पाणी आणले तिथे शेतमजुरीही वाढली. तो परिणाम गुणकात मोजायचा नसतो. त्याचे खाते वेगळे आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या अभ्यासात कमी येते, ती म्हणजे उशीर. मजुरी दोन महिने रखडली तरी घर खायचे थांबत नाही. वहीवर उधारी चढते. खर्च आधीच झालेला असतो, पण त्याचे भांडवल दुकानदाराने पुरवलेले असते. आलेली मजुरी सगळी जुनी वही पुसण्यात जाते आणि त्या दिवशी बाजारात काहीच हलत नाही. उशीर आणखी लांबला की नांदेडचा व्यापारी दुकानदाराचा माल अडवतो, दुकानदार उधारी बंद करतो, आणि मग ज्या शिंप्याचा, दूधवाल्याचा यात काहीच संबंध नाही त्याच्याकडचेही गिऱ्हाईक तुटते. प्राध्यापक मित्रांनी एका गावातल्या उधारीच्या वह्या, दुकानदारांच्या संमतीने आणि नावे झाकून, मजुरी जमा झाल्याच्या तारखांशी ताडून पाहाव्यात. गुणक कुठे तुटतो, ते त्या तारखांत दिसेल.