फोनवर आधी पाणी विचारा

पाणी शुद्ध करायच्या मशीनचा वार्षिक सर्व्हिस करार फोनवरून विकताना बोलायचा कागद कसा लिहायचा, ते आज आम्ही सांगतो.

नाव, गट सांगून "दोन मिनिटं बोलू का ताई?" विचारायचं. मग लगेच, "पाणी नळाचं की बोअरचं?" जत, माणकडं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. त्यातल्या क्षारांनी आरओचा मेम्ब्रेन लवकर चोंदतो.

"मशीन चांगलं चाललंय, करार कशाला?" असं त्या म्हणाल्या, तर वाद नको. विचारा, "हंडा भरायला आता जास्त वेळ लागतो का? चव बदललीय का?" हो म्हणाल्या, तर तपासणी सुचवा. नाही म्हणाल्या, तर पुन्हा कधी फोन करू ते विचारून तारीख लिहा.

"महाग आहे" म्हटलं, तर हिशेब मांडा. समजा, साधा करार १२०० रुपयांचा आणि मेम्ब्रेनचे २००० वेगळे. वर्षात तो बदलावा लागला, तर ३२०० झाले. पार्टसकट करार ३००० ला असेल, तर बोअरवालीला तोच परवडतो. नळाचं पाणी गोडं असेल, तर साधा पुरतो.

मेम्ब्रेन करारात येतो की नाही, हे पैसे घेण्याआधीच सांगायचं, असं कागदावर ठळक लिहा. नाहीतर मेकॅनिक दारात पैसे मागेल आणि ती ताई जाब आपल्या गटाला विचारेल.