कागदी लिंबाच्या रोपाची पिशवी कधी बदलावी?

(काष्टी, ता. श्रीगोंदा येथे शेतकऱ्यांपुढे केलेले भाषण)



आपल्या श्रीगोंदा तालुक्यात कागदी लिंबाच्या बागा पुष्कळ आहेत. लागवडीसाठी रोपे आणली जातात, पण पाऊस लांबतो, विहीर तळाला जाते किंवा खड्डे वेळेवर भरून होत नाहीत. मग रोपे पिशवीतच वर्षभर राहतात. अशा रोपांची पिशवी बदलावीच लागते. प्रश्न एवढाच, की ती कधी बदलावी?

आधी रोपाकडे पाहा. पिशवीच्या भोकांतून मुळ्या बाहेर आल्या आहेत, दिलेले पाणी क्षणात खालून निघून जाते आणि सकाळी भिजवलेली पिशवी संध्याकाळी कोरडी पडते, ही जागा कमी पडल्याची चिन्हे होत. खात्री करण्यासाठी एका रोपाची पिशवी कापून पाहावी. पांढऱ्या मुळ्या मातीभोवती वेटोळे घालून बसल्या असतील तर बदल जरूर करावा. हीच वेटोळी शेतात गेली तर मुळ्या पसरत नाहीत आणि झाड पुढे कमजोर राहते. मात्र केवळ पाने पिवळी दिसली म्हणून घाई करू नये. चुनखडीच्या मातीत लोह न मिळाल्यानेही कोवळी पाने पिवळी पडतात. शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. त्यावर पिशवी बदलणे हा उपाय नव्हे.

आता वेळ. समजा, एप्रिलच्या अखेरीस तुम्हाला ही चिन्हे दिसली. मजूर मोकळे आहेत, म्हणून काम उरकून घ्यावे असे वाटेल. तसे करू नका. पिशवी काढताना कितीही जपले तरी टोकाच्या बारीक मुळ्या तुटतात, आणि पाणी मुख्यतः त्याच शोषून घेतात. पारा चाळिशीपार गेला की पानांतून पाणी झपाट्याने उडते. माती ओली, तरी पान मलूल, अशी स्थिती होते. पान सुकले म्हणून आपण आणखी पाणी देतो. त्या चिखलात जखमी मुळ्या कुजतात. ओळखायचे कसे? दुपारी मलूल झालेले पान पहाटे ताठ झाले, तर रोप सावरते आहे. माती ओली असून पहाटेही पान लोंबत असेल, तर मुळ्या गेल्या असे समजावे.

म्हणून मे महिना रोपे सावलीत ठेवून, सकाळ-संध्याकाळ थोडे थोडे पाणी देऊन काढावा. पिशवी फाटलीच, तर मुळ्यांना धक्का न लावता ते रोप पिशवीसकट मोठ्या पिशवीत ठेवावे आणि कडेने माती भरावी. पावसाळ्यात ते नीट बदलता येते.

पाऊस स्थिरावला, हवा ओलसर झाली, की जूनअखेरपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा काळ उत्तम. त्यातही शेंड्याची नवी पालवी कोवळी, तांबूस असेल तर थांबा. ती गर्द हिरवी व टणक झाली की रोप नव्या मुळ्या काढण्यास मोकळे असते.

गुटी कलमांच्या बाबतीत आणखी एक दक्षता हवी. ती पिशवीतच लवकर फुलतात. फुले आणि नुकती धरलेली फळे झाडातील अन्न व पाणी स्वतःकडे ओढतात. त्याच वेळी मुळ्या तुटल्या तर फुले व बारीक फळे गळतात आणि नव्या मुळ्यांनाही पुरेसे अन्न मिळत नाही. कलम शेतात लावायचे असेल तर फुले खुडून टाकावीत, आठ-दहा दिवस थांबून मग पिशवी बदलावी. अंगणातील कुंडीतल्या झाडाची फळे हवी असतील, तर तोडणी होईपर्यंत कुंडी बदलू नये.

प्रत्यक्ष काम ढगाळ दिवशी किंवा ऊन उतरल्यावर करावे. आदल्या दिवशी पाणी द्यावे, म्हणजे मातीचा गोळा फुटत नाही. नवी पिशवी जुनीपेक्षा दोन-तीन इंचच रुंद घ्यावी. फार मोठ्या पिशवीत मुळ्या न पोचलेली माती सतत ओली राहते. पोयटा माती दोन भाग, कुजलेले शेणखत एक भाग व वाळू एक भाग घ्यावी. तळाची वेटोळी धारदार चाकूने कापावीत व गोळ्याच्या बाजूंना तीन-चार उभे काप द्यावेत. खोड पूर्वी जितके मातीवर होते तितकेच वर ठेवावे. मग भरपूर पाणी देऊन रोप आठ-दहा दिवस सावलीत ठेवावे. वरची माती सुकल्याशिवाय पुन्हा पाणी देऊ नये. रासायनिक खत नवी पालवी फुटेपर्यंत देऊ नये, कारण ताज्या जखमांना ते सोसत नाही.

नवी पालवी फुटली की मुळ्या धरल्या असे समजावे. मग रोप हळूहळू उन्हात आणावे.