नाव खोडलं म्हणजे ओळख पुसली, असं नाही
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान, शब्दांकित)



परीक्षेच्या दिवसांत कुठल्याही कॉलेजच्या दारातल्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन उभं राहा. मानसशास्त्राच्या एम.ए.च्या मुली पेनड्राइव्ह घेऊन आलेल्या असतात. इंटर्नशिपचा अहवाल छापायचा, स्पायरल बाइंडिंग करायचं, दोन प्रती. दुकानदार फाइल आपल्या संगणकाच्या डेस्कटॉपवर ओढतो, छापतो, पैसे घेतो. फाइल तिथेच राहते. तिच्यात पाच-सहा माणसांच्या आयुष्यातलं असं काही असतं, जे त्यांनी सख्ख्या भावालाही सांगितलेलं नाही. दवाखान्यातली फाइल कुलपात असते, पण गोपनीयता फुटते ती बहुतेक वेळा या वाटेनं. म्हणून आज मी शिकाऊ समुपदेशकाच्या वहीबद्दल बोलणार आहे.

मुलांना विचारलं तर ती म्हणतात, 'सर, नाव लिहिलं नाही, नुसतं क्ष लिहिलंय.' मुंबईत कदाचित ते पुरेल. आपल्याकडे 'क्ष, वय ४१, अमळनेर तालुका, कापूस, थोरला भाऊ माजी सरपंच, त्याचं कृषी केंद्र' एवढं लिहिलं की बसस्टँडवरचा माणूस नाव सांगेल, वर त्याच्या मामाचं गावही सांगेल. जळगाव काय, धुळे काय, इथे माणूस नावापेक्षा नात्यांनी आणि धंद्यानं ओळखला जातो. आणि ओळख उघडी पडण्याची धास्ती या शहराला नवी नाही. १९९४ साली जळगावात लैंगिक शोषणाचं जे प्रकरण उघडकीला आलं, त्यात तक्रारीला आणि साक्षीला उभं राहणं बायकांना किती जड गेलं, ते इथल्या साठीच्या पुढच्या श्रोत्यांना मी सांगायला नको.

आता एक नोंद वाचून दाखवतो. हा क्लायंट कुणी एक माणूस नाही, अनेकांचं मिश्रण करून मी तो वर्गासाठी बनवला आहे. नोंद मात्र शिकाऊ मुलं जशी लिहितात तशीच आहे:

'क्लायंट नैराश्यग्रस्त आहे. भाऊ माजी सरपंच असून त्याचे कृषी केंद्र आहे. क्लायंट दारुडा आहे. पत्नी भांडकुदळ. वहिनीशी संबंध असावेत असे वाटते. आत्महत्येचा विचार नाही. समुपदेशन केले.'

छोटीशीच नोंद आहे, पण तिच्यात बरंच बिघडलंय. 'नैराश्यग्रस्त' हे निदान आहे आणि ते करायचा अधिकार शिकाऊ उमेदवाराला नाही. 'दारुडा' आणि 'भांडकुदळ' हे लिहिणाऱ्याचे शेरे. पत्नी तर खोलीत नव्हतीच, तिची बाजू कुणी ऐकली? वहिनीबद्दलचं वाक्य सगळ्यांत घातक, कारण तो निव्वळ तर्क आहे आणि तिसऱ्याच व्यक्तीबद्दल आहे. उद्या ही फाइल घटस्फोटाच्या खटल्यात न्यायालयाने मागवली तर हा तर्क पुरावा म्हणून मांडला जाईल. वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला पुरावा कायद्याचं संरक्षण आहे. समुपदेशकाला तसं सरसकट संरक्षण नाही. न्यायालयाचा हुकूम आला की नोंद द्यावी लागते. काही मुलं म्हणतात, मग आम्ही एक वेगळी खासगी डायरी ठेवतो. अमेरिकेत उपचारकाच्या अशा खासगी टिपणांना कायद्यानं काहीसं वेगळं स्थान दिलेलं आहे. त्या भरवशावर इथे राहू नका. डायरीत स्वतःच्या मनातली चलबिचल जरूर लिहा, ती पर्यवेक्षकांशी बोलायला उपयोगी पडते. पण फाइलमध्ये लिहायला जे धजत नाही, ते डायरीत टाकून सुटका होत नाही.

आणि सगळ्यांत जास्त राग येण्यासारखी ओळ कुठली? 'आत्महत्येचा विचार नाही.' विचारलं होतं का? कोणत्या शब्दांत विचारलं? तो काय म्हणाला? की चेहऱ्यावरून ठरवलं?

हीच भेट पुन्हा लिहू. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा. त्याखालच्या २०१८ च्या नियमांत उपचार-सत्राच्या नोंदीचा किमान नमुना आहे: तारीख, कितवं सत्र, किती वेळ, कोण हजर होतं, सत्राचा हेतू, मुख्य मुद्दे, वापरलेली पद्धत, निरीक्षण, पुढची योजना. तो साचा धरला की नोंद अशी होते:

'सत्र ३. वेळ ५० मिनिटे. क्लायंट एकटेच आले. त्यांच्या सांगण्यानुसार तीन आठवड्यांपासून रात्री दोनच्या सुमारास जाग येते, पुन्हा झोप लागत नाही. जेवण एक वेळ. आठवड्यातून तीन-चार रात्री दारू घेतो असे सांगितले. कुटुंबातील एका नात्यामुळे ताण असल्याचे म्हणाले. बोलताना दोनदा रडले, आवाज हळू. "मरून जावं असं वाटतं का?" असे थेट विचारले. उत्तर: "माले आते काहीच नको वाटस. पन पोरीकरता थांबेल शे." कसे, कधी, असे काही ठरवले आहे का, हे विचारले: "नाही" म्हणाले. पूर्वी प्रयत्न केलेला नाही. फवारणीचे औषध घराच्या पडवीत, कुलूप नाही. त्यांच्या संमतीने मेहुण्यांना फोन केला. आजच औषध घरातून हलवून कुलपात ठेवण्याचे मेहुण्यांनी कबूल केले. ताणाच्या कारणाबद्दल मेहुण्यांना काही सांगितलेले नाही. दुपारी १२.४० ला पर्यवेक्षकांना कळवले. त्यांच्या सांगण्यावरून मनोविकारतज्ज्ञांकडे आजच पाठवले. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक लिहून दिला. पुढची भेट तीन दिवसांनी.'

लांबी वाढली, खरं आहे. पण काय वाढलं आणि काय गेलं ते बघा. वहिनी गेली, सरपंच गेला, भांडकुदळ बायको गेली. नात्याचा ताण राहिला, कारण उपचाराला तेवढाच लागतो. वाढलं ते धोक्याचं: विचारलेला प्रश्न, त्यांचं उत्तर त्यांच्याच अहिराणीत, औषध कुठे आहे, कुणाला किती सांगितलं. उत्तर प्रमाण मराठीत आणून 'क्लायंटला निराश वाटते' असं लिहिलं असतं, तर पोरीसाठी थांबल्याचं गेलं असतं, आणि पुढच्या भेटीत धरायचा धागाच तो आहे. औषधाचा मुद्दाही उगाच नाही. शेतकरी घरात विषारी फवारा हाताशी असणं हाच मोठा धोका. तो काही दिवस जरी लांब गेला तरी ती घालमेलीची वेळ टळू शकते.

मेहुण्याला फोन केला म्हणजे गोपनीयता मोडली का? इथे संमती होती, त्यामुळे प्रश्न नाही. पण संमती नसती तरी? त्याच कायद्याच्या कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क आणि त्याचे अपवाद एकत्रच लिहिले आहेत. जिवाला धोका टाळण्यासाठी माहिती देता येते, दुसऱ्या कुणाला इजा होऊ नये म्हणूनही देता येते, पण त्या धोक्यापुरतीच. 'औषध कुलपात ठेवा, रात्री त्यांना एकटं सोडू नका' इथे हद्द संपते. आपल्याकडची अडचण अशी की मेहुणा लगेच विचारतो, 'पण झालं काय त्यांना?' तिथे शिकाऊ मुलगी गडबडते आणि सांगून बसते. उत्तर आधीच ठरवून ठेवा: 'ते तुम्हाला त्यांनीच सांगायचं. मी एवढंच सांगू शकते.' आणि नोंदीत लिहा, काय सांगितलं आणि काय नाही.

मुलांच्या बाबतीत हद्द आणखी कडक आहे. अठरा वर्षांखालच्या मुलामुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा तसा होण्याची भीती आहे असं कळलं, तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. यात समुपदेशक, शिक्षक, शेजारी कुणीच सुटत नाही, आणि न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. शाळेत बसणाऱ्या शिकाऊ मुलीनं हे पहिल्याच भेटीत सांगायचं असतं: तू सांगशील ते माझ्याजवळ राहील, पण तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, कुणी तुला त्रास देत असेल, तर मला ते वरती सांगावं लागेल. हे आधी न सांगता मूल बोलून गेल्यावर सांगणं, याला मी फसवणूकच म्हणेन. अशा भेटीची नोंद लिहिताना तपास करायचा नाही. मुलीचे शब्द जसेच्या तसे, तुमचा प्रश्न कोणता होता तो, आणि त्याच दिवशी पर्यवेक्षकांना केव्हा कळवलं ती वेळ. 'काकाने केलं का?' असा प्रश्न घातलात तर उत्तर तुमच्या तोंडचं होतं, आणि न्यायालयात ते पहिल्यांदा तिथेच फाटतं.

सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचं स्वखुशीचं प्रेमप्रकरण असेल तर? कायदा इथे संमती मानत नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताच्या संदर्भात डॉक्टरांना एक सवलत दिली: मुलीनं आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर कळवताना तिचं नाव उघड करायची गरज नाही. ती सवलत नोंदणीकृत डॉक्टरांपुरती आहे. शिकाऊ समुपदेशकानं ती स्वतःला लावून घेऊ नये. अशा वेळी काय करायचं, हा निर्णय समुपदेशकानं एकट्यानं घ्यायचाच नाही, पर्यवेक्षक आहेत ते त्याचसाठी. मला विचाराल तर कायद्याचा हा भाग मुलींना समुपदेशकापासून दूर ठेवतो. पण माझं मत नोंदवहीत चालत नाही.

मुख्याध्यापकांचंही एक. ते दाराशी गाठून विचारतात, 'काय म्हणत होती पोरगी?' चांगल्या मनानंच विचारतात. त्यांना द्यायचा तो कागद वेगळा असावा: अमुक विद्यार्थिनी चार भेटींना आली, परीक्षेच्या काळात तिला वर्गात थोडी सवलत मिळाली तर बरं. तेवढंच.

आता त्या स्पायरल बाइंडिंगच्या अहवालाकडे येतो, कारण विद्यापीठाला तो लागतोच. आधी संमती. 'माझ्या शिक्षणासाठी तुमच्याबद्दल, ओळख लपवून, लिहिलं तर चालेल का? नाही म्हणालात तरी तुमचे उपचार तसेच चालू राहतील.' ही संमती फाइलमध्ये नोंदवायची. मग ओळख लपवायची, आणि इथे डोकं लागतं. गाव काढा, तालुकाही काढा. धंदा बदला, पण तसाच ताण असलेला: कापसाऐवजी कर्जावरचं छोटं दुकान चालेल, सरकारी नोकरी चालणार नाही, कारण मग कर्जाचा अर्थच बदलतो. वय ४१ ऐवजी 'चाळिशीतले'. भावंडांची संख्या, गाजलेली घटना, पद, पुरस्कार काढून टाका. झोप किती आठवडे नाही, धोका किती, काय केलं, हे बदलू नका, कारण शिकायचं तेच आहे. शेवटी एक चाचणी. पर्यवेक्षकांनी तो अहवाल त्याच तालुक्यातल्या माणसाच्या नजरेनं वाचून बघावा. त्यांना 'हा तो असेल का?' असं वाटलं, तर अजून एक फेरी.

मोबाइलवर पानाचा फोटो काढून सरांना व्हॉट्सॲप करणं बंद करा. तो फोटो गॅलरीत जातो, तिथून आपोआप क्लाउडवर, आणि घरातला भाऊ तोच फोन गाण्यांसाठी घेतो. शंका विचारायची असेल तर फोन करा, कोड क्रमांक सांगा. कोड आणि खरं नाव यांची यादी संस्थेच्या कपाटात, तुमच्या पिशवीत नाही.

नोंद त्याच दिवशी लिहा. चुकलं तर एकच रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. पांढरी शाई लावलेलं पान न्यायालयात लपवाछपवी वाटतं. दोन दिवसांनी आठवलं तर 'उशिरा केलेली नोंद' असं वर लिहून आजची तारीख टाका. आणि क्लायंटला स्वतःची नोंद मागायचा हक्क आहे, मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २५ मध्ये. त्याला गंभीर मानसिक इजा किंवा दुसऱ्याला इजा होईल असा भाग तज्ज्ञ रोखून ठेवू शकतात. बाकीची फाइल त्याच्यासमोर उघडी. 'दारुडा' हा शब्द त्याच्यादेखत वाचून दाखवायची तयारी असेल तरच लिहा.

इंटर्नशिप संपली की फाइली संस्थेच्या. क्लायंटला शेवटच्या भेटीआधीच सांगा की तुम्ही जाणार आहात आणि पुढे कोण बघणार आहे. कच्ची पानं पर्यवेक्षकांसमोर फाडा, पेनड्राइव्ह पुसा. आणि छपाई कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या प्रिंटरवर करून द्या, अशी मी आमच्या विभागाला विनंती केली आहे. कागदाचा खर्च कुणी करायचा, यावर ती सध्या अडली आहे.