सोसायटीचे दफ्तर आणि ईआरपी

‘एंटरप्राइज रिसोर्स प्लॅनिंग’, म्हणजे ज्याला सगळे थोडक्यात ईआरपी म्हणतात, त्याचे धडे तुम्ही मोटारीच्या किंवा पोलादाच्या कारखान्याची उदाहरणे घेऊन वाचता. त्यात काही गैर नाही. हा विषय कारखान्यातूनच आला. कच्चा माल किती आणि केव्हा मागवायचा याचे हिशेब यंत्रावर करायला १९६० नंतर सुरुवात झाली आणि ‘ईआरपी’ हे नाव १९९० च्या सुमारास रूढ झाले. पण आज मी तुम्हाला कारखान्यात नेणार नाही. जुन्नरहून माळशेज घाटाकडे जाताना मढ लागते, तिकडे चला. तिथल्यासारख्या एखाद्या गावातली विविध कार्यकारी सहकारी सोसायटी डोळ्यांपुढे आणा. एक खोली, एक कपाट, शेजारी खताचे गोदाम, आणि तीन-चार गावांचा कारभार सांभाळणारा एक गटसचिव.

अशा सोसायट्यांसाठी केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये एक योजना मंजूर केली. देशातल्या सुमारे ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्था एकाच ईआरपी प्रणालीवर आणायच्या, असा तिचा मूळ आराखडा होता, आणि अंमलबजावणीत नाबार्डचा वाटा मोठा. तेव्हा ईआरपी पाहायला तुम्हाला आता लांब जावे लागत नाही.

प्रथम जुनी रीत पाहू. सभासद खत न्यायला आला की गटसचिव ते साठा-रजिस्टरात लिही. मग किर्दीत नोंद, किर्दीवरून खतावणी, आणि खत कर्जखाती दिले असेल तर सभासदाच्या कर्जखात्यात आणखी एक नोंद. एकच घटना, पण लिहायची चार ठिकाणी, आणि चारही एकाच दिवशी होतील याची खात्री नाही. पेरणीच्या गर्दीत खतावणी मागे पडायचीच, त्यात माणसाचा दोष काय?

ईआरपीत ही चार रजिस्टरे वेगळी राहत नाहीत. सभासद, कर्ज, साठा, हिशेब असे कप्पे असतात, त्यांनाच मॉड्यूल म्हणतात. पण सगळ्यांच्या खाली माहितीची कोठी एकच असते. उदाहरण घ्या. एका सभासदाला ६०,००० रुपयांचे पीककर्ज मंजूर आहे. त्यातून तो युरियाच्या ६ गोण्या कर्जखाती नेतो. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना, म्हणजे बिल झाले १,५९९ रुपयांचे. सोसायटीला ती गोणी २५० रुपयांना पडली असे समजू. गटसचिव बिल एकदाच करतो. त्यासरशी साठ्यात ४० च्या ३४ गोण्या होतात. कर्जाच्या कप्प्यात सभासदाच्या नावे १,५९९ रुपये पडतात आणि उचल करायला ५८,४०१ शिल्लक राहतात. हिशेबाच्या कप्प्यात विक्री १,५९९ जमा होते, साठ्याची किंमत १,५०० रुपयांनी उतरते, आणि ९९ रुपयांचा नफा न लिहिता दिसतो. नोंद एक, परिणाम सगळीकडे. ईआरपीचा गाभा एवढाच आहे. बाकीचा पसारा त्याच्याभोवतीचा.

यात सभासदाचे काय अडले आहे, ते तारखेत पाहा. महाराष्ट्रात ३ लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर शेतकऱ्याला व्याज पडू नये, अशी सवलत २०२१ पासून आहे. खरिपाच्या कर्जाची मुदत ३१ मार्च. आता एखादी म्हातारी वाडीवरून उतरून ३१ तारखेला दुपारी पैसे भरते, हाताने लिहिलेली पावती घेते, आणि नोंद मात्र खात्यात चढते २ एप्रिलला. कागदावर ती बाई थकबाकीदार झाली! प्रणालीत पावती आणि खात्यातली नोंद ही एकच गोष्ट असते, शिवाय रोज संध्याकाळी दिवस बंद करावा लागतो. बंद झालेल्या दिवसात मागाहून सहज काही घालता येत नाही. मात्र वीज नाही, नेट नाही म्हणून पावती पुन्हा हातानेच फाडली, की जुनी अडचण परत आलीच. म्हणून पावती प्रणालीतलीच मागावी, असे सभासदांना सांगायला हवे.

आता दुसरा शब्द, ‘मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम’. पुष्कळ जण ईआरपी आणि हिच्यात गल्लत करतात. नोंदी करणे हे पहिलीचे काम. त्याच नोंदींतून ज्याला जे ठरवायचे आहे त्याला तेवढेच दाखवणे, हे दुसरीचे. गटसचिवाला नावे हवीत: येत्या पंधरवड्यात कोणाची मुदत संपते? संचालक मंडळाला नावांच्या यादीपेक्षा थकबाकीचे वय हवे: एका वर्षाच्या आतली किती, तीन वर्षांच्या पुढची किती? आणि जिल्हा बँकेला हवी असते ती तफावत.

ही तफावत नीट समजून घ्या, पाठ्यपुस्तकात ती सहसा सापडत नाही. सोसायटी बँकेकडून कर्ज घेते आणि सभासदांना देते. समजा, सभासदांकडून येणे ८० लाख आहे आणि बँकेला देणे ८५ लाख. सगळ्या सभासदांनी पै न् पै फेडली तरी बँकेचे ५ लाख भागणार नाहीत. सहकार खात्याच्या भाषेत हीच ‘अनिष्ट तफावत’. ती का होते? बँक आलेल्या भरण्यातून आधी व्याज कापून घेते, त्यामुळे मुद्दल हळू उतरते. वसूल आलेल्या पैशातून पगार आणि किरकोळ खर्च भागवले जातात. आणि कधी कधी, स्पष्टच बोलायचे तर, पैसा खिशात जातो. पूर्वी ती कळायची लेखापरीक्षणात, वर्ष उलटल्यावर. आता दर महिन्याच्या पत्रकात दिसू शकते. दिसते, भरून निघत नाही. ते काम वसुलीचे आणि मंडळाचे.

आणि दिसायला तरी आधीचे आकडे खरे हवेत. जुने दफ्तर प्रणालीत चढवताना एक तारीख धरतात, बहुधा ३१ मार्च. त्या दिवसाच्या तेरजेत सभासद-कर्जाची बाकी ८० लाख असेल, तर प्रत्येक सभासदाच्या खात्यावरची बाकी मिळून ८० लाखच भरली पाहिजे. पुष्कळदा भरत नाही. मग घाईत फरक ‘सस्पेन्स’ नावाच्या खात्यात ढकलून काम पुढे रेटण्याचा मोह होतो. त्यानंतर पडद्यावरचे पत्रक सुबक दिसते, पण त्याच्या पोटात जुनी चूक तशीच असते.

खताचीही अशीच गोष्ट. अनुदानित खताची विक्री २०१८ पासून सरकारच्या पॉस यंत्रावर, आधार घेऊन नोंदवावी लागते. ते यंत्र वेगळे, ईआरपी वेगळी. यंत्रात ३४ गोण्या, प्रणालीत ४० आणि गोदामात ३१, असे निघाले तर संगणकाशी वाद घालण्यात अर्थ नाही. गोदामात जाऊन थप्प्या मोजाव्या.

प्रकल्पासाठी तुम्ही एखाद्या सोसायटीत गेलात, तर पडद्यावरचे रंगीत तक्ते पाहण्याआधी एकाच तारखेची दोन पत्रके मागा: तेरीज आणि सभासदवार बाकीची यादी. यादीची बेरीज स्वतः करा. मग सस्पेन्स खाते उघडा आणि त्यातली सर्वांत जुनी नोंद कोणत्या तारखेची आहे, ते वहीत टिपून घ्या.